बीजभाषणाची सुरुवात कोणत्या किस्स्याने करावी? (पाणीवापर संस्थांची परिषद, मिश्र श्रोते)

गोदाकाठ | सोमवार, रात्री 9.10

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नाशिक जिल्ह्यात पाणीवापर संस्थांची एक दिवसाची परिषद आहे आणि उद्घाटनानंतरचं बीजभाषण माझ्याकडे आलं आहे. वेळ 25 मिनिटं. विषय आहे 'पाणी मोजून घेणं, मोजून देणं'. राज्याच्या 2005 च्या सिंचन कायद्याने संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून पाणी द्यायचं ठरलं, पण प्रत्यक्षात चारीवर अजून तासांचीच भाषा चालते, हा भाषणाचा गाभा.

समोर साधारण 300 माणसं असतील. निम्मे संस्थांचे पदाधिकारी आणि शेतकरी, त्यात कालव्याच्या तोंडाजवळचे म्हणजे हेडचेही आणि शेवटाकडचे म्हणजे टेलचेही. शिवाय जलसंपदाचे अभियंते, कालवा निरीक्षक, बचत गटांच्या महिला, कृषी महाविद्यालयाची मुलं. व्यासपीठावर लोकप्रतिनिधी असणारच.

सुरुवातीला एक छोटा किस्सा घ्यायचा आहे. तीन डोक्यात आहेत:

1. विश्वेश्वरय्यांचा रेल्वेचा किस्सा. आवाजावरून पुढे रूळ तुटलेला आहे हे ओळखून त्यांनी साखळी ओढली, तो.
2. 12 जुलै 1961, पानशेत.
3. 1983 मध्ये कॅनडात एका विमानाचं इंधन हवेतच संपलं, कारण किलो आणि पौंडात गोंधळ झाला. विमान सुखरूप उतरलं.

कोणता घ्यावा? आणि किती लांब असावा?

---

चावडीवाला | सोमवार, रात्री 9.42

दादा, दुपारच्या जेवणाआधीचं भाषण म्हणजे लोक कंटाळलेले असतात. तिन्ही किस्से जड आहेत. लोकांना आधी हसवा, हसली की ऐकतात. नवरा-बायको आणि नळाचं पाणी यावर चार विनोद कुठेही सापडतील, त्यातला एक टाका. नाहीतर इंजिनिअर आणि शेतकऱ्याचा एखादा. हशा पिकला की सभा तुमची.

---

मेधा_र | सोमवार, रात्री 10.30

गोदाकाठ, तीनपैकी एक निवडण्याआधी एक उलटं काम करा. किस्सा बाजूला ठेवा आणि किस्सा संपल्यावर तुम्ही जे पहिलं वाक्य बोलणार आहात ते लिहा. फक्त एक वाक्य. ते किस्सा आणि विषय जोडणारं असलं पाहिजे आणि त्यात 'तर सांगायचा मुद्दा असा' किंवा 'आता तुम्ही म्हणाल याचा इथे काय संबंध' असं काही यायला नको. ते शब्द तोंडात आले की समजायचं, सांधा बसलेला नाही.

तुमच्या पोस्टमधूनच ते वाक्य निघतं. शेतकरी तास मोजतो, कार्यालय घनमीटर मोजतं. म्हणजे 'आकडा एक, मापं दोन'. आता या वाक्यावर तिन्ही घासून पाहा.

रेल्वेचा किस्सा सावध कानाचा आहे, मापांचा नाही. तो अभियंता दिनाला चालेल. दुसरी अडचण अशी की गाडी कोणती, साल कोणतं, ठिकाण कोणतं, हे प्रत्येक सांगणारा वेगळं सांगतो. 15 सप्टेंबरला दरवर्षी तो ऐकणारे अभियंते तुमच्या समोर पहिल्या तीन ओळींत बसलेले असतील. त्यातल्या एकाने मनात 'हे खरं कशावरून' म्हटलं की पुढची 24 मिनिटं तुमचे आकडेही तो त्याच नजरेने ऐकणार. मोजमापावरच्या भाषणात पहिलीच गोष्ट न मोजलेली नको.

पानशेत खरं आहे, तारखेसकट. पण ती जखम आहे. पुण्यातली घरंच्या घरं त्यात गेली, त्या घरांतली माणसं आजही आहेत आणि सभागृहात कोण कुठून आलं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. शिवाय ते धरण फुटण्याचं आहे, मापांचं नाही. एवढं मोठं दुःख छोट्या मुद्द्यासाठी वापरलं की ऐकणाऱ्याला खटकतं, आणि ते बरोबरच आहे.

तिसरा मुद्द्याला अगदी नेमका लागतो. त्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते, त्यातही एक अडचण आहे.

चावडीवाला, हसली की ऐकतात हे निम्मं बरोबर आहे. पण कोणाला हसली हे त्याहून महत्त्वाचं. नवरा-बायकोच्या विनोदात हसं होतं ते बाईचं, आणि इथे बचत गटांच्या बाया पाणी मागायला आल्या आहेत. इंजिनिअर-शेतकरी विनोदात अर्धं सभागृह दुसऱ्या अर्ध्याला हसेल आणि नेमकं त्यांनाच दुपारी एका टेबलावर बसून पाणीकोटा ठरवायचा आहे.

---

चावडीवाला | सोमवार, रात्री 10.51

बायकांबद्दलचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग विनोदच करायचा नाही का? सगळेच गंभीर चेहऱ्याने बोलले तर लोक चहाला उठतात.

---

मेधा_र | सोमवार, रात्री 11.05

करा की. पण हसू परिस्थितीतून येऊ द्या, माणसावर नको. एक ताळा सांगते. किस्सा लिहून झाला की विचारा, यात चूक कोणाची आहे आणि तो किंवा त्याच्यासारखा माणूस सभागृहात बसला आहे का? बसला असेल तर त्याच्या जागी जाऊन किस्सा पुन्हा वाचा. शेजारी त्याचा वरिष्ठ अधिकारी बसला आहे असं धरून वाचा. तरीही तो मोकळेपणाने हसू शकत असेल तर ठेवा.

---

नीलिमाजो | मंगळवार, सकाळी 7.20

खूप छान धागा. माझ्या सासऱ्यांच्या सेवानिवृत्तीचा कार्यक्रम आहे, 40 वर्षं टपाल खात्यात होते. मलाही सुरुवातीला किस्सा सांगायचा आहे, घरातले दहा-बारा गमतीशीर प्रसंग आहेत. ते सगळे सांगितले तर चालतील ना? विमानाचा वगैरे मला जमणार नाही.

---

मेधा_र | मंगळवार, सकाळी 8.00

नीलिमाताई, तुमचा कार्यक्रम वेगळा आहे. तिथे माणूस हाच विषय, त्यामुळे घरचे प्रसंग चालतील, विमान नकोच. पण दहा-बारा नको, दोन घ्या, आणि दोन्ही आधी सासऱ्यांना सांगून त्यांची परवानगी घ्या. सहकाऱ्यांसमोर कोणता प्रसंग आवडेल हे त्यांनाच ठरवू द्या. हवं तर वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

गोदाकाठ, आता विमान. किस्सा पक्का आहे. 23 जुलै 1983, एअर कॅनडाची 143 क्रमांकाची फेरी, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन. विमान नवं बोइंग 767, किलोत मोजणारं. कॅनडा तेव्हा नुकता मेट्रिककडे वळत होता. इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं म्हणून टाकीत मोजपट्टीने लिटर मोजले आणि लिटरचं वजन काढताना किलोचा गुणक घ्यायच्या ऐवजी पौंडाचा, 1.77, घेतला. हवं होतं 22,300 किलो, होतं 22,300 पौंड. म्हणजे निम्म्याहूनही कमी. 41 हजार फुटांवर असताना इंधन संपत आलं, मग इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते तरंगत आणून गिम्ली नावाच्या गावात जुन्या हवाई तळावर उतरवलं. आत 69 जण होते, कोणीही दगावलं नाही. 'आकडा एक, मापं दोन' यासाठी इतकी सरळ घटना क्वचितच मिळते.

अडचण अशी. 12 जून 2025 ला अहमदाबादला विमान कोसळलं, त्यात महाराष्ट्रातलीही माणसं गेली, आणि त्या चौकशीतली चर्चाही इंधन बंद होण्याचीच आहे. तुम्ही 'विमान हवेत होतं आणि इंजिनं बंद पडली' असं म्हणाल त्या क्षणी सभागृहातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर कॅनडा येणार नाही, अहमदाबाद येईल. पुढे विमान सुखरूप उतरतं हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. मधली 40 सेकंदं तुम्ही त्यांना भलत्याच ठिकाणी सोडता. किस्सा सुरक्षित आहे की नाही हे त्याच्या शेवटावर ठरत नाही, मधल्या प्रत्येक वाक्यावर ठरतं.

---

पाटचारी | मंगळवार, दुपारी 1.15

मेधाताईंचं बरोबर आहे, विमान सध्या नकोच. मापांचाच किस्सा हवा तर मंगळावरच्या यानाचा घ्या. मार्स क्लायमेट ऑर्बिटर, 23 सप्टेंबर 1999. जमिनीवरचा एक गट यानाला दिलेल्या धक्क्यांचा हिशेब पौंडाच्या मापात पाठवत होता, दुसरा गट तो न्यूटनच्या मापात समजून वापरत होता. फरक सुमारे साडेचार पट. यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरवरून जायला हवं होतं, गेलं सुमारे 57 किलोमीटरवरून, आणि संपलं. माणूस एकही नव्हता त्यात.

---

शब्दांकित | मंगळवार, दुपारी 2.40

मंगळ, कॅनडा, हे सगळं ठीक आहे, पण श्रोते दिंडोरी-निफाडचे. आपल्याकडे श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आहे ना! राजा सांगतो, सगळ्यांनी घरचं दूध आणून महादेवाचा गाभारा भरा. लोक पोरांच्या तोंडचं, वासरांच्या तोंडचं दूध आणून ओततात, गाभारा भरत नाही. म्हातारी घरच्यांना पाजते, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध आणते, गाभारा भरतो. पाणीवाटपावर याहून सुंदर काय सांगाल? आणि आयाबायांना पाठ असते.

---

मेधा_र | मंगळवार, रात्री 8.15

शब्दांकित, कहाणी मलाही फार आवडते. शेवटच्या माणसापर्यंत आधी पोचवा आणि मग वरचं मागा, हा तिचा गाभा टेलच्या शेतकऱ्याच्या मनातला आहे. समन्यायी वाटपावर भाषण असतं तर मी नक्की विचार केला असता. इथे तीन गोष्टी आड येतात.

एक, विषय मोजण्याचा आहे, आणि कहाणीत तर मोजमाप हरतं, भाव जिंकतो. म्हणजे किस्सा भाषणाच्या उलट दिशेला ओढतो. दोन, पाठ असते हीच अडचण. जी गोष्ट श्रोत्यांना तुमच्याआधी संपवता येते ती सुरुवातीला नको, ते तुमच्या पुढे जाऊन थांबतात. तीन, व्यासपीठावर लोकप्रतिनिधी आणि गोष्टीत प्रजेचं दूध ओतवून घेणारा राजा. तुमच्या मनात काही नसलं तरी कोणीतरी टाळी वाजवेल, आणि ती टाळी तुमच्या भाषणाला नसेल.

व्रताची कहाणी म्हणून काही श्रोत्यांना ती आपली वाटेल, काहींना नाही, हेही आहे. पण माझा मुख्य आक्षेप पहिलाच.

आणि एक सुचवलं जाण्याआधीच सांगते. वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांची गोष्ट सुरुवातीला घेऊ नका. नव्वदीच्या सुरुवातीपासून ज्यांनी ते काम केलं ती माणसं समोर असण्याची शक्यता आहे. ज्यांची गोष्ट त्यांनाच सांगायला गेलं की ते प्रत्येक तपशील तपासत बसतात. भाषणाच्या मध्ये एका वाक्यात आदराने उल्लेख करा, ते पुरेसं.

---

शब्दांकित | मंगळवार, रात्री 8.50

दिशा उलटी आहे हे पटलं. बाकीचं तितकंसं नाही. माहीत असलेली गोष्ट ऐकायला लोकांना आवडते, नाहीतर कीर्तनाला कोण बसलं असतं?

---

मेधा_र | मंगळवार, रात्री 9.20

कीर्तनकाराकडे दोन तास असतात आणि गोष्ट माहीत असणं हा तिथला करारच असतो. इथे दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पण तुमचा मुद्दा अगदीच सोडून देत नाही, माहितीची गोष्ट नव्या ठिकाणी थांबवता आली तर चालते. जमायला अवघड आहे इतकंच.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री 10.05

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळाचा घेऊन लिहून पाहिलं. तपासा:

'नमस्कार. 23 सप्टेंबर 1999. पृथ्वीवरून निघालेलं एक यान नऊ महिन्यांचा प्रवास करून मंगळापाशी पोचलं. यानात माणूस नव्हता, यंत्रं होती. ग्रहाच्या मागे गेलं की थोडा वेळ त्याचा संदेश बंद होणार, हे आधीच ठरलेलं होतं. संदेश बंद झाला. तो पुन्हा आलाच नाही. चौकशी झाली. यंत्र बिघडलेलं नव्हतं, गणितही चुकलेलं नव्हतं. जमिनीवर दोन गट होते. एक गट आकडा पाठवायचा तो पौंडाच्या मापात. दुसरा गट तोच आकडा घ्यायचा, पण न्यूटनच्या मापात. नऊ महिन्यांत एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही की बाबा, तुझा आकडा कशात आहे? आकडा एक होता, मापं दोन होती. आपल्या चारीवर शेतकरी म्हणतो बारा तास, कार्यालय म्हणतं इतके घनमीटर. दोघंही खरं बोलत असतात.'

---

पाटचारी | बुधवार, रात्री 10.40

शेवटची दोन वाक्यं फार छान उतरली आहेत. पण 'एकानेही विचारलं नाही' हे चूक आहे, ते काढा. मार्ग आखणाऱ्या लोकांना वाटेतच शंका आली होती. यान अपेक्षित जागी दिसत नव्हतं, हिशेब जुळत नव्हता. शंका बोलून दाखवली गेली, पण रीतसर नोंदली गेली नाही आणि तिचा पाठपुरावा झाला नाही. चौकशीच्या अहवालात ते आलं आहे.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री 10.58

अरे बापरे, ते वाक्य टाळीचं म्हणून लिहिलं होतं. मग त्याच्या जागी ही शंकेची गोष्टच घालू का? टेलचा शेतकरीही हेच म्हणतो, पाणी कमी येतं म्हणून सांगितलं, कोणी लिहून घेतलं नाही.

---

मेधा_र | गुरुवार, सकाळी 7.45

मोह होणार, पण घालू नका असं माझं मत. शंका न नोंदवण्याची गोष्ट स्वतंत्र आहे आणि तिचं दार दुसऱ्या खोलीत उघडतं. एका किस्स्याला दोन दारं ठेवली की अर्धे श्रोते एकीकडून जातात, अर्धे दुसरीकडून. शिवाय त्यात 'कार्यालयाने ऐकलं नाही' असा रोख येतो आणि अभियंते पहिल्याच मिनिटाला हाताची घडी घालून बसतील. टाळीचं वाक्य काढा, त्या जागी काहीच ठेवू नका. दुसऱ्या गटाच्या वाक्यानंतर एक श्वास थांबा. तेवढं पुरतं.

तुमचा मसुदा साधारण शंभर शब्दांचा आहे. माइकवर मोठ्या सभागृहात मराठी सावकाश बोललं की मिनिटाला 110 ते 120 शब्द होतात, म्हणजे थांबे धरून तुमचं एक मिनिट जरा ओलांडेल. 25 मिनिटांच्या भाषणाला दीड मिनिटापर्यंत किस्सा चालतो, तेव्हा लांबी योग्य आहे. घरी घड्याळ लावून उभं राहून वाचा. बसून, मनात वाचलेला वेळ धरू नका, तो नेहमी कमी भरतो.

दोन छोट्या दुरुस्त्या. 'यानात माणूस नव्हता' हे तुम्ही लगेच सांगितलंत ते उत्तम, ते अजून वर न्या, दुसऱ्याच वाक्यात. ऐकणाऱ्याची काळजी तिथेच मिटते. आणि 'न्यूटन' हा शब्द बऱ्याच जणांना शास्त्रज्ञ म्हणून माहीत असेल, माप म्हणून नाही. समजावत बसू नका. 'एक गट आकडा पाठवायचा पौंडाच्या हिशेबाने, दुसरा तो घ्यायचा मेट्रिक हिशेबाने' एवढंच म्हणा. मुलं आणि अभियंते न्यूटन स्वतःच भरून घेतील.

आणखी एक, 'गणितही चुकलेलं नव्हतं' यावर एखादा अभियंता अडेल, कारण माप न बदलणं ही गणितातलीच चूक म्हणता येईल. 'बेरीज-वजाबाकी बरोबर होती' म्हणा.

---

पाटचारी | गुरुवार, दुपारी 12.30

मी अजून एक वेगळं सुचवतो, मंगळ माझाच होता तरी. रात्री विचार केला तर वाटलं, एवढ्या लांब जायची गरजच काय? चारीच्या तोंडाशी उभे राहा.

मायनरच्या, म्हणजे लहान उपकालव्याच्या तोंडाला पाणी मोजायचा फ्ल्यूम, म्हणजे ठरावीक मापाचा अरुंद बांधीव मार्ग असतो, त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली असते. पट्टीवर 30 असताना बारा तास पाणी दिलं आणि पट्टीवर 24 असताना बारा तास पाणी दिलं, तर तास सारखे. पण प्रवाह उंचीच्या प्रमाणात कमी होत नाही, दीड घाताने होतो. उंची एक पंचमांश उतरली की पाणी सुमारे 28 टक्के कमी होतं. सहा सेंटिमीटर म्हणजे जेमतेम चार बोटं. चार बोटं पाणी उतरलं आणि बारा तासांतले जवळजवळ साडेतीन तास गेले, कोणीही पाणी चोरलेलं नसताना. हे लोकांना ऐकवा, सभागृहात कुजबूज सुरू होते की नाही बघा.

---

मेधा_र | गुरुवार, रात्री 8.30

पाटचारी, हे फार चांगलं आहे. किस्सा नाही म्हणता येणार, कारण यात माणूस नाही, घटना नाही. पण दृश्य आहे आणि हाताने दाखवता येतं. चार बोटं आडवी धरून व्यासपीठावरून दाखवली की शेवटच्या रांगेलाही समजतं. मुख्य म्हणजे यात कोणाचीच चूक नाही, कालव्याची पातळी उतरते एवढंच. हेडवालाही दुखावत नाही, पाटकरीही नाही.

माझी एकच भीती आहे. हे दृश्य भाषणाचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तो पहिल्या मिनिटाला देऊन टाकला, जेव्हा निम्मे लोक अजून खुर्च्या शोधताहेत, तर वाया जाईल. मी मंगळ सुरुवातीला ठेवेन आणि पट्टी चौथ्या-पाचव्या मिनिटाला.

---

पाटचारी | गुरुवार, रात्री 9.10

मी उलटं म्हणेन. शेतकरी पहिल्या मिनिटातच ठरवतो की हा माणूस चारीवर उभा राहिला आहे की नाही. मंगळाने सुरुवात केली की 'आले साहेब पुस्तक घेऊन' असं होतं. पट्टीने सुरुवात केली की तो पुढे मंगळ काय, गुरूही ऐकून घेईल.

---

चावडीवाला | गुरुवार, रात्री 9.35

पाटचारींच्या बाजूने मी. आणि चार बोटांवर लोक हसतीलसुद्धा, कोणाचं मन न दुखावता.

---

शब्दांकित | गुरुवार, रात्री 9.50

मुलांच्या बाजूने मंगळ, शेतकऱ्यांच्या बाजूने पट्टी. गोदाकाठ, श्रोत्यांत निम्मे शेतकरी म्हणालात ना?

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी 6.50

हो, निम्मे. मी अजून ठरवू शकलेलो नाही, दोन्ही पूर्ण लिहून काढले आहेत. एक व्यवहाराचा प्रश्न. कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि 25 ची 15 मिनिटं झाली तर किस्सा पूर्ण वगळायचा का? आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं आधी घ्यायची की किस्सा आधी?

---

मेधा_र | शुक्रवार, सकाळी 8.10

वगळायचा नाही, लहान करायचा. 15 मिनिटांसाठी 30 सेकंदांचं रूप आजच लिहून ठेवा, तिथे उभं राहून कापाकापी करायला जाऊ नका. मंगळाचं असं होईल: '1999 मध्ये मंगळापाशी पोचलेलं एक रिकामं यान हरवलं. यंत्र ठीक होतं. एका गटाचा आकडा पौंडाच्या हिशेबाने होता, दुसऱ्याने तो मेट्रिक समजून घेतला. आकडा एक, मापं दोन. आपल्या चारीवरही तसंच आहे.' पट्टीचं तर एका वाक्यात होतं, त्या दृष्टीने पाटचारींचं पारडं जड आहे, हे मान्य करते.

नावं आधी घ्या, पण दोन-तीनच, बाकी 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो'. सूत्रसंचालकाने आणि प्रास्ताविकात सगळ्यांची नावं घेऊन झालेली असतात. किस्सा आधी आणि नावं नंतर केलं तर सांधा तुटतो, जोडणारं वाक्य नावांच्या यादीखाली दबतं.

सूत्रसंचालकाला दोन दिवस आधी फोन करा आणि तुमचा परिचय वाचताना किस्स्याचा उल्लेख करू नका असं सांगा. टिपण आधीच मागून घेतात आणि 'आता मंगळाची गोष्ट घेऊन येत आहेत' असं होऊन बसतं. आणि तुमच्या आधी कोण बोलणार आहे तेही विचारा. त्यांनी चुकून तुमचाच किस्सा घेतला तर दुसरा तयार आहे, दोन्ही लिहून ठेवलेत ते बरंच झालं.

---

पाटचारी | शुक्रवार, दुपारी 1.05

पट्टी घेणार असाल तर एक करा. ज्या भागात परिषद आहे तिथल्या मायनरवर बसवलेली रचना कोणती, ते शाखा कार्यालयात विचारा. माझं 28 टक्क्यांचं गणित उंचीच्या दीड घातावर आहे. स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमला ते लागू पडतं, पार्शलला आकड्यात किंचित फरक पडतो. 'सुमारे पाव हिश्शाहून जास्त' म्हणालात तर दोन्हीकडे खरं ठरतं. आणि पाणी फ्ल्यूमच्या खालच्या बाजूने तुंबून वर चढत असेल तर पट्टी खोटं दाखवते, हे एखादा कालवा निरीक्षक नक्की विचारेल. उत्तर तयार ठेवा.

---

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री 9.25

शाखा कार्यालयात सोमवारी जातोय. मेधाताई, दोन्ही रूपं आज शेजारच्या दोघांना वाचून दाखवली, एक द्राक्षवाले आहेत, एक शाळेत शिकवतात. उद्या काय लक्षात राहिलं ते विचारतो. त्यांना काय विचारू?

---

मेधा_र | शुक्रवार, रात्री 9.50

फक्त एवढंच विचारा: 'काल सांगितलं ते कशाबद्दल होतं?' किस्सा आवडला का, हे विचारू नका. 'मंगळाबद्दल' किंवा 'यान हरवलं त्याबद्दल' असं उत्तर आलं तर यान विषयापेक्षा मोठं झालं आहे, तारीख आणि प्रवासाचं वर्णन कापा. 'मापांच्या गोंधळाबद्दल' आलं तर ठेवा. पट्टीबद्दल 'पाणी कमी येतं' असं उत्तर आलं तर तेही पुरेसं नाही, 'तास सारखे असले तरी पाणी कमी येतं' असं आलं पाहिजे. दोघांची उत्तरं इथे जशीच्या तशी लिहा.